शेजारच्या काकूंसाठी कुंड्यांची चिठ्ठी

डोईफोडिया परिसरात मे महिन्यात गावाला जाताना आपण कुंड्या शेजाऱ्यांकडे सोपवतो. तेव्हा "पाणी घाला" एवढंच न सांगता अशी चिठ्ठी द्या:

"काकू, तुळशीच्या मातीत बोट दोन पेरं घालून बघा. कोरडं लागलं तर सकाळी लवकर, कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत घाला. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. कोरफडीला मात्र माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्या. दोन्ही कुंड्यांना सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारी सावलीत सरकवा.

दुपारी तुळस मान टाकेल, पण संध्याकाळी सावरली तर घाबरू नका. तो उन्हाचा ताण असतो. सकाळीही ती मलूल असेल तर आधी माती तपासा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असून खालची पानं पिवळी पडली असतील, मातीला कुबट वास येत असेल, तर मुळं सडू लागली आहेत. पाणी थांबवा आणि मला फोन करा."

जास्त पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतलं झाडही तहानलेलं दिसतं. तेव्हा आणखी पाणी घातलं, तर झाड दगावतं.