इन्व्हर्टरची बॅटरी किती मोठी?

तीन पंखे, पाच एलईडी दिवे आणि राउटर मिळून साधारण 280 वॉट होतात. चार तास चालवायचे तर 1120 वॉट-तास लागतील. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर 1800 असतात. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते, शिवाय इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हाती येतात जेमतेम 1150. म्हणजे भागतं. फ्रिज मात्र विसरा!

बॅटरीचं जमलं, तरी वायरिंगकडेही बघा. इन्व्हर्टरच्या सर्किटला फेज वेगळी ओढतात, न्यूट्रल मात्र जवळच्या बोर्डातून उचलतात. खरी गडबड इथेच होते. ती न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीची असेल, तर गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळत नाही. दिवा लावताच आरसीसीबी पडली, तर वायरमनला आधी न्यूट्रल तपासायला सांगा.