मार्चचे व्याज, एप्रिलचे मुद्दल



घरकर्ज घेतलेल्या माणसाला आपला हप्ता तोंडपाठ असतो. त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, असे विचारले की मात्र तो बँकेच्या कागदांकडे वळतो. प्राप्तिकराच्या हिशेबात हप्ता ही एक रक्कम नसतेच. त्यातल्या व्याजाला १९६१ च्या कायद्याचे कलम २४(ब) लागू होते आणि स्वतः राहत असलेल्या घरासाठी वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. मुद्दल जाते कलम ८०सी मध्ये. तिथली मर्यादा दीड लाखाची, आणि त्या दीड लाखात भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचे हप्ते हेही वाटेकरी असतात. हे सारे जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेणाऱ्याला राहत्या घरासाठी यातली एकही वजावट नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. मी आज जे उदाहरण घेणार आहे ते त्याआधीच्या वर्षाचे आहे.

एक कर्ज फळ्यावर मांडतो. ३० लाख रुपये, ९ टक्के दर, २० वर्षे म्हणजे २४० हप्ते. तयार फ्लॅट, ताबा लगेच. पूर्ण रक्कम १ जुलै २०२४ ला मिळाली आणि हप्ता दर महिन्याच्या १ तारखेला, पहिला १ ऑगस्टला. हप्ता येतो २६,९९२ रुपये.

आता परतफेडीचा तक्ता करू. नऊ टक्क्यांचा बारावा भाग म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. ३० लाखांवर जुलैचे व्याज झाले २२,५००. हप्त्यातून ते वजा केले की उरले ४,४९२. तेवढेच मुद्दल फिटले. शिल्लक २९,९५,५०८. पुढच्या महिन्याचे व्याज या शिलकेवर, म्हणून ते २२,४६६, आणि मुद्दल ४,५२६. असेच खाली उतरत जायचे. प्रत्येक ओळीत आधी व्याज काढायचे, उरेल ते मुद्दल, आणि मुद्दल गेले की नवी शिल्लक. सुरुवातीची वर्षे व्याजातच जातात, याचे कारण एवढेच की शिल्लक मोठी असते.

तक्ता इथपर्यंत सगळ्यांना जमतो. चूक होते ती त्याचे आर्थिक वर्षात तुकडे पाडताना. आपल्या कर्जाला ३१ मार्च २०२५ पर्यंत आठ हप्ते भरले गेले, ऑगस्ट ते मार्च. म्हणून सरळ पहिल्या आठ ओळींची बेरीज केली, तर व्याज १,७९,०४२ आणि मुद्दल ३६,८९४ येते. यातला मुद्दलाचा आकडा बरोबर आहे. व्याजाचा अपुरा आहे.

असे का, ते नीट पाहू. ८०सी ची वजावट प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर मिळते. ज्या वर्षी मुद्दल भरले, त्या वर्षी ते धरायचे. कलम २४(ब) मध्ये मात्र ‘देय’ व्याज मोजले जाते, म्हणजे त्या वर्षाच्या काळासाठी चढलेले व्याज, मग ते भरले केव्हा का असेना. १ एप्रिल २०२५ चा हप्ता हा तक्त्यातला नववा. त्यात २२,२२३ रुपये व्याज आहे, आणि ते सबंध मार्च महिन्याचे आहे. म्हणून ते २०२४-२५ मध्ये बसते. त्याच हप्त्यातले ४,७६९ रुपये मुद्दल मात्र एप्रिलमध्ये भरले, म्हणून ते २०२५-२६ मध्ये. एकच हप्ता, एकाच दिवशी खात्यातून गेलेला, आणि त्याचे दोन भाग दोन वर्षांत.

आता व्याजाची बेरीज नऊ ओळींची करा: २,०१,२६६. मर्यादा २ लाख, म्हणजे पूर्ण २ लाखांची वजावट मागता येते. आठच ओळी धरणारा २०,९५८ रुपयांची वजावट सोडून देतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकर धरून हा कर सुमारे साडेसहा हजार रुपये होतो. हा फरक उठून दिसतो तो पहिल्या वर्षी. पुढे दर वर्षी व्याजाच्या बारा ओळी मुद्दलाच्या बारा ओळींपेक्षा एकेक घर पुढे सरकलेल्या असतात, आणि एक महिना सुटला तो सुटलाच.

संगणकावर ज्यांना पडताळायचे आहे त्यांनी पहिल्या सूत्राने हप्ता काढावा, दुसऱ्याने पहिल्या नऊ ओळींचे व्याज आणि तिसऱ्याने पहिल्या आठ ओळींचे मुद्दल. तक्त्यात हप्ता पूर्ण रुपयांत धरला आहे, म्हणून मुद्दलात दोन रुपयांचा फरक दिसेल.

```
=PMT(0.09/12,240,-3000000)
=-CUMIPMT(0.09/12,240,3000000,1,9,0)
=-CUMPRINC(0.09/12,240,3000000,1,8,0)
```

एवढे करूनही दावा आपल्या तक्त्यावर उभा राहत नाही. राहत्या घरासाठी २ लाखांची मर्यादा हवी असेल, तर देय व्याजाचा आकडा सांगणारे कर्ज देणाऱ्याचे प्रमाणपत्र कायद्यानेच आवश्यक आहे. तक्ता हवा तो प्रमाणपत्र तपासायला. प्रमाणपत्रात १,७९,०४२ च्या आसपासचा आकडा दिसला, तर तो वसूल झालेल्या व्याजाचा आहे हे तुम्ही ओळखाल आणि ३१ मार्चपर्यंत चढलेल्या व्याजाचे प्रमाणपत्र मागाल. थोडाफार फरक पाहून बिचकू नका. काही बँका व्याज दिवसांवर मोजतात. ३१ दिवसांच्या जुलैचे व्याज मग २२,५०० नव्हे, २२,९३२ होते. शे-चारशेचा फरक दिवसांचा, बावीस हजारांचा फरक महिन्याचा. आर्थिक वर्ष संपण्याआधी नोकरीच्या ठिकाणी जे तात्पुरते प्रमाणपत्र देतो, ते अंदाजाचे असते. विवरणपत्र भरताना एप्रिलनंतरचे अंतिम प्रमाणपत्रच समोर ठेवावे.

दुसरा धोका बदलत्या दराचा. कर्ज मंजूर होताना हाती दिलेला छापील तक्ता पहिल्या दरबदलापर्यंतच खरा असतो. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, आणि त्याला जोडलेल्या कर्जांचे दर त्यामागोमाग उतरले. आपल्या कर्जाचा दर १ एप्रिल २०२५ ला पाव टक्क्याने उतरला असे धरा. नवव्या हप्त्यानंतर शिल्लक २९,५८,३३८. जुन्या तक्त्यात पुढच्या ओळीचे व्याज २२,१८८ होते, ८.७५ टक्क्यांनी ते २१,५७१ होते. हप्ता तोच ठेवला, तर मुद्दल ४,८०४ ऐवजी ५,४२१ फिटते. जुनाच तक्ता पुढे वापरणारा महिन्याला सहाशेहून जास्त रुपये व्याज वाढवून सांगतो आणि तेवढेच मुद्दल कमी. म्हणून दर बदलला की त्या तारखेच्या शिलकेपासून नव्या दराने तक्ता पुन्हा सुरू करायचा. मधेच मोठी रक्कम भरली तरी हेच. ती सगळी मुद्दलात जाते आणि ८०सी च्या मर्यादेत त्याच वर्षी धरता येते.

दोन रकाने वेगळे जपण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते फार जणांच्या ध्यानात नसते. ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला, ते संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर मुद्दलापोटी ८०सी मध्ये घेतलेल्या साऱ्या वजावटी विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात परत मिळवल्या जातात. व्याजाच्या वजावटीला हात लागत नाही. आपल्या उदाहरणात ही मुदत ३१ मार्च २०३० ला संपते. त्याआधी विक्रीचा करार करण्यापूर्वी दर वर्षी मुद्दलापोटी किती वजावट घेतली याची बेरीज करा, आणि तेवढ्या रकमेवरचा कर विक्रीच्या हिशेबात आधीच धरा.