कॉफी न पिणारे कोण?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आले की पेशंट हल्ली औषधाआधी विचारतो, “डॉक्टर, काळी कॉफी सुरू करू का? लिव्हरला चांगली असते म्हणतात.” हा प्रश्न आपण हसून टाळू नये, कारण त्यामागे खरे संशोधन आहे. मात्र ते संशोधन नेमके काय सांगते आणि कुठे थांबते, हे आपल्याला नीट माहीत असायला हवे. आजचे भाषण मी त्यासाठीच राखून ठेवले आहे.

सुरुवात उत्तर कॅलिफोर्नियातून करू. तिथल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सभासदांची 1978 ते 1985 या काळात तपासणी झाली आणि तेव्हा त्यांना दारू, सिगारेट, चहा, कॉफी यांच्या सवयी विचारल्या गेल्या. आर्थर क्लाट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सव्वा लाख लोकांचा पुढे अनेक वर्षे माग ठेवला आणि 2006 साली निष्कर्ष छापले. त्या सव्वा लाखांपैकी 330 जणांना सिऱ्होसिस झाला. दारूमुळे होणारा सिऱ्होसिस कॉफी न पिणाऱ्यांच्या तुलनेत रोज एक ते तीन कप पिणाऱ्यांत सुमारे 40 टक्क्यांनी आणि चार किंवा अधिक कप पिणाऱ्यांत सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळला. दारूशी संबंध नसलेल्या सिऱ्होसिसमध्ये हे नाते बरेच फिके होते. चहात तर ते दिसलेच नाही. आपल्या चहाबाज महाराष्ट्राने हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे.

त्यानंतर देशोदेशी असेच आकडे येत राहिले. 2021 साली ब्रिटनमधल्या ‘यूके बायोबँक’च्या जवळजवळ पाच लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे पावणेअकरा वर्षांत कॉफी पिणाऱ्यांमध्ये जुनाट यकृतविकार 21 टक्क्यांनी आणि त्यातून येणारे मृत्यू 49 टक्क्यांनी कमी दिसले. तीन-चार कपांपर्यंत फायदा वाढत गेला आणि तिथे थबकला. दळलेली कॉफी, इन्स्टंट, कॅफिन काढलेली, सगळ्या प्रकारांत तो दिसला. वर्तमानपत्रांनी 49 टक्के उचलले. पण मूळ हिशेब मांडून पाहा. पाच लाखांत जुनाट यकृतविकाराचे रुग्ण 3,600, म्हणजे हजारी सात. त्यावरून ढोबळ गणित केले तर कॉफी न पिणाऱ्या हजारांत जवळपास नऊ आणि पिणाऱ्या हजारांत सात. दहा वर्षांत हजारामागे दोघांचा फरक. पाच लाखांत मृत्यू होते 301. फरक खोटा नाही, पण पेशंटच्या मनात ‘निम्मा धोका’ ऐकून जे चित्र उभे राहते त्याहून तो पुष्कळ लहान आहे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. या साऱ्या अभ्यासांत तुलना होते ती कॉफी न पिणाऱ्यांशी. हे न पिणारे कोण असतात?

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. वय पन्नास, वीस वर्षांची दारू, यकृत आतून कडक होत चाललेले. पण कावीळ नाही, पोटात पाणी नाही, निदान नाही. कॅफिनचा निचरा यकृतच करते. निरोगी माणसात घेतलेले निम्मे कॅफिन साधारण पाच तासांत संपते. यकृत थकले की तोच काळ कितीतरी लांबतो. यकृताची ताकद मोजायला कॅफिनची चाचणी वापरली गेली आहे ती याच कारणाने. तर या माणसाला संध्याकाळच्या कॉफीने रात्रभर झोप लागत नाही, छातीत धडधडते, मळमळते. तो कॉफी सोडून देतो आणि कारण पित्तावर ढकलतो. पुढच्याच वर्षी कोणी संशोधक प्रश्नावली घेऊन येतो आणि हा लिहितो, ‘कॉफी: शून्य कप’. तीन वर्षांनी त्याचे पोट पाण्याने फुगते. अभ्यासाच्या तक्त्यात नोंद होते की कॉफी न पिणाऱ्याला सिऱ्होसिस झाला. वास्तविक आजार आधी आला आणि कॉफी नंतर सुटली.

हा दोष ओळखायची एक रीत आहे. नावनोंदणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत निदान झालेले रुग्ण वगळून गणित पुन्हा करायचे. नाते टिकले तर विश्वास वाढतो. पण सिऱ्होसिस घडायला दहा-वीस वर्षे लागतात. दोन-तीन वर्षे वगळून ही शंका पुरती धुतली जात नाही. त्यातच बायोबँकेच्या विश्लेषणात कॉफीची नोंद बहुतेकांची एकदाच, सुरुवातीला झालेली. त्या बायोबँकेत बोलावलेल्यांपैकी शंभरात जेमतेम पाच-सहा लोक आले होते, तेही सरासरीहून निरोगी आणि बहुतांश गोरे. दारूचे उत्तर लोक किती खरे देतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोज चार कप कॉफी पिणारा त्या वेळात दारू कमी पीत असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे?

यावर उतारा म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी. अशा चाचण्या थोड्या आहेत, लहान आहेत, आणि सिऱ्होसिस टळला का हे पाहण्याइतक्या लांब चाललेल्या नाहीत. त्यांतली एक मात्र मला फार बोलकी वाटते. 1996 साली नेदरलँड्समध्ये 46 निरोगी स्वयंसेवकांना 24 आठवडे रोज पाच-सहा कप कडक कॉफी दिली. काहींना कागदी फिल्टरमधून गाळलेली, काहींना दट्ट्याच्या भांड्यातली, म्हणजे फक्त जाळीने दाबलेली. जाळीच्या कॉफीने एएलटी हे यकृताचे एन्झाइम चढले आणि एलडीएल कोलेस्टेरॉलही वाढले. कॉफीच्या तेलातले कॅफेस्टॉल आणि काह्वेओल हे त्यामागचे घटक; कागद ते अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. कॉफी बंद केल्यावर एएलटी खाली आले. म्हणजे ‘कॉफी’ ही एक वस्तूच नव्हे. ती कशी केली, यावर यकृताच्या रक्ततपासणीचा आकडा हलू शकतो.

मग आपल्याकडची कॉफी कोणती? आपले पेशंट पितात ती दुधासाखरेची. चिकोरी मिसळलेल्या कॉफीत आपल्या अन्ननियमांनुसार निम्म्याहून किंचित जास्त कॉफी असली तरी पुरते. कॅलिफोर्नियातला कप आणि आपल्याकडचा छोटा पेला यांचे मापही एक नव्हे. दोन चमचे साखरेच्या चार कपांतून दिवसाला आठ चमचे साखर जाते, तीही वाढलेल्या पोटाच्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या पोटात. त्या कॉफीला ब्रिटनचे आकडे लावणे मला मान्य नाही. सिंगापुरातल्या चिनी लोकांच्या मोठ्या अभ्यासातही हिपॅटायटिस बीमुळे झालेल्या सिऱ्होसिसच्या मृत्यूंत कॉफीचा फायदा दिसला नव्हता, हेही आपल्या भागात विसरून चालणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे. इतक्या देशांत, इतक्या प्रकारच्या लोकांत हे नाते पुन्हा पुन्हा दिसते, आणि कप वाढतात तसा धोका उतरतो; त्यामुळे यात काही तथ्य असावे असे मला वाटते. बिनसाखरेची कॉफी आवडीने पिणाऱ्या यकृताच्या पेशंटला, झोप, धडधड किंवा गरोदरपण आड येत नसेल तर, ती बंद करायला सांगू नका. न पिणाऱ्याला मात्र औषध म्हणून लिहून देऊ नका. कॉफी पितो म्हणून दारू चालेल, असे कोणी म्हटले तर त्याला तिथेच थांबवा.

आणि एक विनंती. यकृताच्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर दारू, वजन, साखर आणि हिपॅटायटिस बी-सीच्या तपासणीखाली एक ओळ वाढवा: कॉफी कोणती, किती, कधीपासून, आणि सोडली असेल तर कधी आणि का. पुढच्या अधिवेशनाला येताना त्या नोंदी सोबत आणा.