आधी लांबी, मग जाडी



पुरुषाच्या गळ्यासाठी गोफ घ्यावयाचा झाला,
म्हणजे पेढीवर पहिली दृष्टी जाते ती त्याच्या जाडीकडे;
परंतु माझी विनंती अशी, की आरंभ लांबीपासून करावा.

घरीच गळ्याभोवती दोरा धरून माप घ्या.
समजा, ते 16 इंच भरले.
सदऱ्याच्या आत सुखाने विसावणारा गोफ मग सुमारे 20 इंचांचा हवा.

आता तुमची ऐपत दीड तोळ्याची आहे, असे धरू.
तेवढेच सोने 24 इंचांवर पसरले, तर गोफ बारीक होणार;
आणि तरीही तो भरदार दिसावा असा आग्रह धरलात,
तर कारागीर तो पोकळ घडविणार.

खरी मेख इथेच आहे.
निजताना कुशीखाली आलेला, गर्दीत दाबला गेलेला पोकळ गोफ
पोचे पडून विरूप होतो,
आणि त्याच्या पातळ पत्र्याला झाळ देऊन तो पूर्ववत करणे निष्णात सोनारालाही कठीण जाते.
नित्य वापरासाठी मी तरी बारीक, पण भरीव गोफच पसंत करीन.
पावतीवर वजन नि शुद्धता पाहालच;
भरीव की पोकळ, हेही स्पष्ट विचारा.

पुन्हा सांगतो: आधी लांबी, मग जाडी.

गोफासोबत कडेही घेणार असाल, तर अखंड कड्याचे माप मात्र मनगटावर घेऊ नये.
अंगठा तळहातात दुमडावा
आणि पंजाच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा फिरवावा,
कारण अखंड कडे तेथूनच आत शिरते.
बिजागरीच्या कड्यास मनगटाचे माप पुरते.