टाचा उचलून दाखव

मंडळी, तळव्याची कमान म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. सरळ फोटोकडे येतो.

चाकणला पाळीवर जाणाऱ्या एका गृहस्थांनी पाच वर्षांच्या लेकीचा ओला पाय कागदावर उमटवला आणि फोटो मला पाठवला. खाली प्रश्न : ‘पोकळीच दिसत नाही. बुटात घालायची गादी आणू का?’

मी म्हटलं, आधी फोटो पुन्हा काढा. कागदावरचा ठसा ओघळला होता आणि मोबाईल टाचेकडून तिरपा धरला होता. जवळची टाच त्यामुळे रुंद दिसते. पाय टिपून घ्या, तिला दोन्ही पायांवर उभी करा, पट्टी शेजारी ठेवा, फोटो बरोबर वरून काढा. दुसऱ्या ठशात मधला भाग ४.२ सेंटिमीटर, टाच ४. म्हणजे मध्य टाचेहून किंचित रुंद. मोठ्या माणसात हा पाय सपाट ठरेल. पाच वर्षांच्या मुलीत ते वयाला धरून आहे. तळव्यात चरबी असते, सांधे सैल असतात. कमान पुढची काही वर्षं घडत राहते.

पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. ठसा पायाचा आकार सांगतो, पाय लवचीक आहे की ताठ हे सांगत नाही. बाळा, तू ये वर. पाठ लोकांकडे कर. आता चवड्यांवर उभा राहा. बघा, टाचा आत वळल्या आणि कमान उमटली! (मागच्या रांगा बघायला उभ्या राहतात. हशा.) मागच्यांनीही टाचा उचलल्यात, उत्तम! त्या मुलीचंही असंच झालं. गादी आणू नका, म्हणून कळवलं. दुखत नसलेल्या लवचीक पायात गादी घालून कमान घडत नाही.

‘मग बूट कोणते?’ ताई, राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० भारतीय मुलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष छापला : पादत्राणं वापरणाऱ्यांत ८.६ टक्के सपाट पाय, अनवाणी मुलांत २.८. बंद बुटांत सर्वाधिक. तेव्हा घरात तरी अनवाणी खेळू द्या.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. पण हे सांगितल्याशिवाय बसणार नाही. अकरा वर्षांच्या एका मुलाचा ठसा अगदी त्या मुलीसारखाच होता. मात्र चवड्यांवर उभा राहिला तेव्हा डावी टाच वळलीच नाही, आणि खेळून आला की तोच पाय दुखे. एक्स-रेत पायाची दोन हाडं एकमेकांना जोडलेली निघाली. ताठपणा, दुखणं, एकाच पायाचा फरक किंवा लंगडणं, यांतलं काहीही दिसलं तर पाय दाखवायलाच हवा. पाय लवचीक आहे, पण दुखतो किंवा मूल टाच टेकवून उकिडवं बसू शकत नाही, तरीही आणा.

ज्यांनी मुलं आणलीत, त्यांनी पायऱ्यांपाशी थांबा. मोजेही काढून ठेवा.