कोर्टात ‘कबूल’ म्हणण्याआधी

(पाड्यावरच्या सभेत झालेले भाषण. कार्यकर्त्याने नंतर लिहून काढले.)



आज जमिनीच्या दाव्याबद्दल नाही बोलणार. त्याच्यावर दादा मघाशी बोलले. मी जेलातून सुटून आलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे माणूस सुटून आला की आपण म्हणतो, झालं, मिटलं एकदाचं. मिटत नाही ते.

आपल्यातल्याच एका पोराची गोष्ट सांगतो. त्याला विचारून सांगतोय, पण नाव घेणार नाही. बारावी पास. वय तेव्हा एकोणीस. घराला दोन खांब पाहिजे होते म्हणून सागाची दोन झाडं तोडली. गार्डाने धरलं, गुन्हा लिहिला, कुऱ्हाड जमा केली, कोर्टात उभं केलं. जामीन मिळाला, पण जामीनदार पाहिजे सातबारावाला. आपल्याकडे वनपट्टा आहे, सातबारा कोणाच्या नावावर आहे? बाप चार ठिकाणी फिरला. कोण कोणासाठी कोर्टात उभा राहतो! पोरगा जेलात बसला, सत्तेचाळीस दिवस.

मग तारखेला कोणीतरी कानात सांगितलं, “कबूल करून टाक. जेवढे दिवस आत काढलेस तेवढीच शिक्षा धरतील, पाचशे रुपये दंड भर, संध्याकाळी घरी.” साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? हा म्हणाला, हो. संध्याकाळी खरंच घरी आला. आईने कोंबडी कापली.

आता नीट ऐका. त्या दिवसापर्यंत तो पोरगा फक्त आरोपी होता. ‘हो’ म्हटल्यावर तो दोषी झाला. कागदावर ‘शिक्षा झाली’ असं लागलं. पाचशे रुपये आणि पाच हजार रुपये यात जो फरक आपल्याला वाटतो, तो या कागदाला नाही. दंड छोटा असला तरी दोष सिद्धच धरतात.

पुढे काय झालं? एमआयडीसीत वॉचमनच्या कामाला गेला. ठेकेदाराने पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला. तो दाखला काढायला हा गेलाच नाही, भीतीने. मग एका सरकारी खात्यात शिपायाची जागा निघाली. परीक्षा पास झाला, यादीत नाव आलं. हजर व्हायच्या आधी एक फॉर्म भरायला देतात, त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. त्यात विचारलेलं असतं : तुम्हाला कधी अटक झाली का, गुन्हा दाखल झाला का, शिक्षा झाली का. झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा म्हणाला, नाही लिही, सगळे नाहीच लिहितात. ह्याने नाही लिहिलं. पोलीस पडताळणीत केस निघाली. नोकरी गेली. कारण काय दिलं? झाडं तोडली हे नाही. माहिती लपवली, हे.

या लपवण्यावर सुप्रीम कोर्टाने 2016 साली अवतार सिंग या केसमध्ये निकाल दिला आहे. त्यात आपल्या कामाचं असं आहे : फॉर्ममध्ये जे विचारलंय ते खरं सांगा. जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येत नाही. आणि गुन्हा किरकोळ असेल, तर लपवलेलंसुद्धा साहेब आपल्या अधिकारात माफ करू शकतात. कोर्टाने उदाहरण काय दिलंय माहीत आहे? तरुणपणी घोषणा देणं. म्हणजे आपल्या मोर्चातल्या पोरांचंच. पण खोटी आशा नको. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच पाहिजे असं कोर्टाने म्हटलेलं नाही. साहेब सगळं बघून नाही म्हणू शकतात. फक्त खरं सांगितलेलं असलं की आपल्याला वर भांडायला जागा राहते. लपवलं की तीही फार थोडी उरते.

हा पोरगा आता कुठे आहे? वीटभट्टीवर. तिथे दाखला कोण मागत नाही. शेठ उचल देतो, अंगठा घेतो, पावसापर्यंत माणूस त्याचा. जिथे कागद विचारतात तिथे आपला पोरगा जात नाही, आणि जिथे विचारत नाहीत तिथे उचलीत अडकतो. वर जंगलात कुठे लाकूड तुटलं की गार्डाची गाडी पहिली त्याच्या दारात. आणि आपण? दोन ठिकाणी त्याची सोयरीक बोलणी होऊन मोडली. ती खात्याने नाही मोडली, आपल्याच पाड्यातल्या लोकांनी जाऊन सांगितलं, जेलातला आहे तो. मला वाईट वाटेल तुम्हाला, पण सांगतो. दोन खांबांसाठी तोडलेली झाडं तर आपल्या प्रत्येक घरात उभी आहेत.

मग त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं?

एक तर, वकील. अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. त्या वकिलाने पहिल्या आठवड्यातच जामीनदाराची अट कमी करा, जातमुचलक्यावर सोडा, असा अर्ज टाकला असता. सत्तेचाळीस दिवस बसला नसता तर घाईने ‘हो’ म्हणालाही नसता. आपल्या माणसाकडून कबुली वदवून घेते ती ही घाई.

दुसरं, काही वनगुन्हे वन अधिकाऱ्याकडेच पैसे भरून मिटवता येतात. वन कायद्याचं कलम 68. त्याला आपण तडजोड म्हणतो. तसं मिटलं तर पुढची कारवाई थांबते, आणि कोर्टाने दोषी ठरवलं असं होत नाही. पण पावती घ्यायची. बिनपावतीचे पैसे खिशात जातात आणि केस राहते तशीच राहते.

तिसरं, गुन्हा झालाच असेल आणि लढण्यासारखं काही नसेल, तरी नुसतं ‘कबूल’ म्हणून खाली मान घालायची नाही. वकिलाने उभं राहून सांगायचं, पहिलाच गुन्हा आहे, 1958 च्या प्रोबेशन कायद्याचा फायदा द्या. मग कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. आणि एकवीसच्या आतला पोरगा असला तर त्याला जेल देताना कोर्टाला कारण लिहावं लागतं. ह्या कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे की असं सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे कायद्याने लागणारी अपात्रता लागत नाही. केस झाली हे त्याने पुसत नाही, फॉर्ममध्ये विचारलं तर सांगावंच लागतं. पण सोबत निकालाची नक्कल जोडता येते. कोर्टाने मागितल्याशिवाय हे कोण देत नाही बहुतेक. मागायला पाहिजे.

एक काका मघाशी म्हणाले, मग जुन्या दंडाच्या पावत्या जाळून टाकू का? नको काका! जमिनीच्या अतिक्रमणाच्या दंडाची 2005 च्या आधीची पावती म्हणजे तुम्ही तेव्हा ती जमीन कसत होता याचा सरकारी पुरावा. वनहक्काच्या दाव्याला ती लागते. ज्या कागदाने तुम्हाला चोर ठरवलं तोच कागद पट्टा मिळवून देतो, असं हे सरकार आहे. जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत.

आता ज्यांच्या केसी होऊन गेल्यात त्यांनी एवढं करा. केस सुटली, मिटली का शिक्षा लागली हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. दंड भरला एवढंच आठवतं. कोर्टातून निकालाची पक्की नक्कल काढायची. निर्दोष सुटलेल्यांनी तर आधी काढायची, कारण पोलिसांच्या वहीत गुन्हा दाखल झाला एवढंच राहतं आणि सुटल्याचं कोण लिहायला जात नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघं-तिघं संघटनेच्या ऑफिसात बसतो, नकलेचा अर्ज लिहून देतो. केस नंबर माहीत नसला तरी चालेल. कोणत्या साली, कोणत्या कोर्टात, एवढं आठवून या. दंडाची चिठ्ठी घरात असली तर ती आणा.