पहिला नंबर, सुवर्णपदक आणि राहिलेला पेपर

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत वसुली संपली, चहा झाला आणि एका ताईंनी लेकीची गुणपत्रिका पुढे केली. "कॉलेजात हिच्याइतके मार्क कुणालाच नाहीत. मग सुवर्णपदक दुसरीला कसं?" मुलगी बीएची. गुणपत्रिकेवर खरोखरच सगळ्यांत जास्त सरासरी होती. पण एका पेपरासमोर परीक्षेचा महिना वेगळा छापलेला होता. तेवढ्यावर सगळा हिशेब फिरला होता. आज त्याबद्दलच बोलते, कारण आपल्या गटांतल्या बऱ्याच मुली आता पदवीला आहेत आणि काही सासुरवाशिणीसुद्धा राहिलेलं शिक्षण पुरं करताहेत.

आधी एक फरक लक्षात घ्या. सुवर्णपदक म्हणजे सरकारने ठरवलेली एकच गोष्ट नाही. बहुतेक पदकं दात्यांच्या ठेवीतून दिली जातात. कुणी आईच्या नावाने, कुणी गुरुजींच्या नावाने विद्यापीठात रक्कम ठेवतं आणि सोबत अट घालतं, म्हणजे मराठी विषयात पहिली येणाऱ्या मुलीला, किंवा बीकॉमला मुलींमध्ये पहिली येणारीला. त्यामुळे प्रत्येक पदकाची अट वेगळी असते. क्रमांकाचं प्रमाणपत्र, म्हणजे रँक सर्टिफिकेट, हे मात्र परीक्षा विभाग निकालावरून देतो. बऱ्याच ठिकाणी ते आपोआप हातात पडत नाही; अर्ज करावा लागतो, शुल्क भरावं लागतं. कॉलेज स्वायत्त असेल तर क्रमांक कॉलेजातला की विद्यापीठातला, हेही विचारून घ्या.

तिसरी गोष्ट डीन्स लिस्ट. डीन म्हणजे अधिष्ठाता. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात हा प्रकार सहसा दिसत नाही. मोठ्या तांत्रिक संस्था, खासगी विद्यापीठं आणि परदेशातली विद्यापीठं तो ठेवतात. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. त्या सत्रात ठरलेल्या सरासरीच्या वर गेलेल्या सगळ्यांची नावं यादीत येतात, मग दोघींचे गुण सारखे आले तरी भांडण नाही. मात्र त्या सत्रात ठरावीक क्रेडिटचे विषय घेतलेले असावे लागतात आणि नापास किंवा अपूर्ण असा शेरा चालत नाही. नियम फक्त त्या सत्रापुरता असेल, तर आधीच्या सत्रात अडखळलेली मुलगीही पुढे यादीत येऊ शकते. पदकात असं होत नाही, तिथे सगळी वर्षं एकत्र पाहतात.

आता त्या ताईंच्या लेकीचा प्रश्न समजून घ्यायला एक हिशेब करू. समजा एका सत्रात पाच पेपर आहेत, सगळे सारख्या क्रेडिटचे. समजा ९० च्या वर गुण मिळाले की १० अंक, ८० ते ८९ ला ९ आणि ७० ते ७९ ला ८. प्रत्येक विद्यापीठाचा तक्ता वेगळा असतो, म्हणून हा फक्त समजण्यापुरता धरा.

पहिल्या मुलीला मिळाले ८१, ८२, ७१, ८० आणि ७२. अंक झाले ९, ९, ८, ९, ८. बेरीज ४३, भागिले पाच, सरासरी ८.६. दुसरीला मिळाले ८९, ८८, ७९, ८७ आणि ७८. तिचेही अंक तेच, ९, ९, ८, ९, ८. तिचीही सरासरी ८.६. पण गुणांची बेरीज करा. पहिलीचे ३८६, दुसरीचे ४२१. पस्तीस गुणांचं अंतर श्रेणीच्या पोत्यात दिसेनासं झालं! म्हणूनच श्रेणी पद्धत आल्यापासून बरोबरी जास्त दिसते.

अशा वेळी विद्यापीठ नियमात लिहिलेला क्रम लावतं. कुठे एकूण गुण पाहतात, कुठे मुख्य विषयाचे गुण, कुठे शेवटच्या वर्षाचे. तरीही बरोबरी राहिली तर काही ठिकाणी दोघींना क्रमांक देतात आणि बक्षिसाची रक्कम वाटून देतात. ते नियमात नसेल तर कुणाच्या मर्जीवर सोडू नका, लेखी विचारा.

आता तिसरी मुलगी. चार पेपरात तिला ९२, ९१, ८४ आणि ९३. इंग्रजीच्या पेपरात मात्र ती नापास झाली. पुढच्या खेपेला तो पेपर पुन्हा दिला आणि ८१ मिळवले. आता तिचे अंक १०, १०, ९, १०, ९. बेरीज ४८, सरासरी ९.६. तिघींत सगळ्यांत वर! पण पदकाच्या अटीत बहुतेक ठिकाणी एक वाक्य असतं, की सर्व पेपर पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेले असावेत. मग ती यादीतून बाहेर पडते आणि मान दुसरीला जातो. आमच्या ताईंच्या लेकीचंही हेच झालं होतं. पदवी खरी, गुण खरे, प्रथम श्रेणी खरी, फक्त क्रमांकाचा हक्क नाही. एटीकेटी घेऊन वर्ष पुढे गेलं तरी ती नोंद पुसली जात नाही. गुण वाढवण्यासाठी पास झालेला पेपर पुन्हा दिला, तर ते वाढीव गुणही सहसा क्रमांकासाठी धरत नाहीत. ग्रेस गुण घेऊन पास झालेलीलाही बऱ्याच पदकांत अडचण येते. गुणपत्रिकेवर त्याची खूण असते, ती बघून ठेवा.

मला सगळ्यांत टोचतं ते गैरहजेरीचं. परीक्षेचा अर्ज भरला आणि ऐन वेळी बाळंतपण आलं, किंवा घरात कुणी दवाखान्यात दाखल झालं, आणि पेपर चुकला. पुष्कळ ठिकाणी हाही प्रयत्न गेला असं धरतात. मुलगी हुशार नाही म्हणून नव्हे, घरचा भार तिच्यावर आहे म्हणून ती बाहेर पडते. हा नियम बदलावा असं माझं मत आहे. तोवर एवढं करा, तारीख जवळ आहे असं दिसलं तर अर्ज भरण्याआधी कॉलेजात विचारा की या सत्राला न बसता पुढच्या सत्राला बसलं तर प्रयत्न मोजतात का, आणि ठरल्या वर्षांत अभ्यासक्रम पुरा करण्याची अट आहे का. दोन्ही अटी असतील तर डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.

अटी बायकांच्या आड येणं नवं नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीला पहिल्या आल्या. त्या क्रमांकावर विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. पण बाई म्हणून ती आपल्याला नाकारली, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

पुनर्मूल्यांकनाबद्दल बायका नेहमी विचारतात. तो नवा प्रयत्न नसतो, त्याच उत्तरपत्रिकेची पुन्हा तपासणी असते. पण वाढलेले गुण क्रमांकासाठी धरायचे की नाही, हे विद्यापीठागणिक बदलतं. शिवाय यादी आधीच तयार झाली असेल तर अडतं. म्हणून निकालानंतर लगेच अर्ज करा, पावती जपून ठेवा.

नियमावली मिळवायला संकोचू नका. कॉलेजच्या कार्यालयात पदकांचं परिपत्रक मागा. दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यात दोनच गोष्टी मागा: पदकाची मूळ अट, आणि बरोबरी झाल्यास कोणता क्रम लावतात. हरकत घ्यायची असेल तर पदवीप्रदान समारंभाच्या आधी घ्या. एकदा पदक गळ्यात पडलं की कागद हलायला फार वेळ लागतो.